वाळुंजाची साल आन् दादाची गोळी

माझी मूठ लई मोठी हाय. बाजारात एक कासारीन एकदा म्हनली व्हती, "ह्या हातात बांगडी घालायची तर टायरच आनावं लागंल." तवा मी सगळ्यात जोरात हसलो व्हतो. पुढं बीडला एका डॉक्टरबाईनं ह्याच मुठीबद्दल एक सवाल इचारला आन् तवा मला हसू आलं न्हाई. ते कसं झालं ते सांगतो.

शाळेत मी दोन वर्सं बसलो. तिसऱ्या वर्सी मास्तर बापाला म्हनले, "ह्याला मेंढरामागं लावा, मेंढरं तरी शहानी होतील." तसं काय झालं न्हाई. पन मेंढरामागं फिरून मला झाडपाला कळाया लागला. मेंढरू काय खातंय, कशाला नुसतं हुंगून सोडतंय, बाप कुठली मुळी कुठल्या दुखन्याला उगाळतोय, हे बघत बघतच मोठा झालो. पुढं मेंढरं गेली, झाडपाला राह्यला. आता वडवनीच्या आन् नेकनूरच्या बाजारात पोतं हातरून बसतो. गुळवेल, बेहडा, सागरगोटे, आन् नदीकाठच्या वाळुंजाची साल. साल अंगदुखीला आन् गुडघ्याला. गंमत अशी का माझेच गुडघे धरलेत. गिऱ्हाईक म्हनतंय, "तुमी कावून लंगडताव मग?" मी म्हनतो, "मी माझा माल वापरत न्हाई, महाग पडतो."

दादा माझा थोरला भाऊ. शेती तो बघतो. त्याच्या छातीत दीड वर्सामागं कळ आलती, तवा संभाजीनगरला नेऊन रक्ताच्या नळीत जाळीची पुंगळी बसवली. तिला स्टेंट म्हनतेत. वर्सभर रक्त गोठू नये म्हनून दोन गोळ्या व्हत्या. मग डॉक्टरनं त्यातली एक बंद केली आन् दुसरी, हरभऱ्याच्या डाळीएवढी पांढरी, जन्मभर घ्या म्हनून सांगितलं. ती ॲस्पिरिनची. वहिनी रोज सकाळी न्याहरी झाली का ती त्याच्या हातावर ठिवायची. पन त्या गोळीनं दादाच्या पोटात आग व्हायची. वर त्याचे बी गुडघे धरलेले. दिवसभर कन्हत बसायचा. मला म्हनायचा, "तू जगाला पाला वाटत फिरतो बे, घरच्या मानसाला काय न्हाई का?"

हे बोलनं मला लागायचं.

आता अंबाजोगाईचं. तिथं औषधं शिकवायचं एक कॉलेज हाय. तिथले एक सर वर्सातून एकदा मला बोलवून घेतेत. मी फांद्या, साली, मुळ्या घेऊन जायचं, पोरापोरींनी बघून, हुंगून, चावून ओळखायचं. मला भाडं आन् चहा. त्या दिवशी सरांनी माझी वाळुंजाची साल हातात धरली आन् वर्गाला म्हनले, "ही नीट बघा. ह्याच झाडाच्या जातभाईंच्या सालीपासून माणसाला ॲस्पिरिनपर्यंतची वाट सापडली. पण..."

तेवढ्यात शिपाई दारात आला न् म्हनला, "मामा, चहा निवतोय."

मी चहाला गेलो. सरांचं "पन" वर्गातच राह्यलं आन् मी बाहीर बशीत चहा ओतून फुर्रकन पेलो. त्या चहाएवढा महाग चहा मी जन्मात पेलो न्हाई.

येताना एस्टीत मला उभं राहाया जागा व्हती, पन वाटत असं व्हतं का मी डायव्हरच्या सीटवर बसलोय. दादाची गोळी म्हंजे माझी साल! डॉक्टर लोक पांढरा रंग देऊन इकत्यात, आन् मी चाळीस वर्सं खाली पोत्यावर घेऊन बसलोय! शेजारच्या मानसाला सांगितलं. कंडक्टरला सांगितलं. कंडक्टर म्हनला, "सुटे द्या."

घरी येऊन दादाला गोठ्यात गाठलं.

"दादा, तुझी गोळी कशाची बनत्या ठावं हाय का?"

"कशाची?"

"वाळुंजाची. आपल्या. कॉलेजातल्या सरांनी साल हातात धरून सांगितलंय."

दादा बैलाला वैरन टाकायचा थांबला. "मग ती पोटात आग कावून करत्या?"

"कारखान्यातून येत्या म्हनून. मी तुला मूळ मालच देतो. काढा कर, सकाळी पे. आग न्हाई, काय न्हाई."

"तुझी वहिनी?"

"वहिनीला कशाला सांगतो? गोळी हातात घे, पानी पे, आन् गोळी ह्या भोकात." गोठ्याच्या भितीत खुट्टीचं जुनं भोक व्हतं. ते मीच दावलं. आक्कल सगळी माझी, दादानं फकस्त ऐकलं.

मी नदीवर गेलो. दोन-तीन वर्साच्या फांद्या बघून तोडल्या, साल सोलली, सावलीत वाळवली. रोज सकाळी एक मूठ साल गडवाभर पान्यात उकळून निम्मं व्हईस्तोवर आटवायची. दादा तोंड वाकडं करून प्यायचा. लई कडू. पन चौथ्या-पाचव्या दिवशी दादा म्हनला, "गुडघा हलका झालाय बे." पोटातली आग पन गेली. माझं काय इचारता, गावातून चालताना पाय जमिनीला लागंना. वडवनीच्या बाजारात सालीची पेंडी वर टांगली आन् वरडाया लागलो, "डॉक्टरच्या गोळीची आई! गोळीची आई घेऊन जावा!" लोक हसले, आन् लोकांनी नेली बी. एक डोईला पांढरा रुमाल बांधलेला मानूस व्हता, त्यानं इचारलं, "हृदयाला चालंल का? मला बी गोळी हाय." मी म्हनलं, "चालंल म्हंजे? हृदय पळाया लागंल." त्यानं दोन पेंड्या नेल्या.

हे त्याचं बोलनं ध्यानात ठिवा. मला इसरता येत न्हाई.

चौदाव्या दिवशी सकाळी दादा जनावरांना पानी दावत व्हता. हौदाच्या कडंला हात टेकला आन् तसाच खाली बसला. मी गेलो तवा त्याचा सदरा घामानं भिजलेला, तोंड राखेसारखं. "डावा हात..." एवढंच म्हनला. शेजाऱ्याच्या जीपमदी घातला आन् बीडला दवाखान्यात. वाटंत वहिनी त्याची छाती चोळत व्हती. मी त्याचे पाय धरून बसलो व्हतो. पाय कावून धरले, कोनाला ठावं. धरायला दुसरं काय घावलं न्हाई.

दवाखान्यात नर्सनं पहिलं काम काय केलं? एक गोळी त्याच्या तोंडात टाकली आन् म्हनली, "चावून खा, बाबा, गिळू नका, चावा." वहिनी म्हनली, "ही कशाची?" नर्स म्हनली, "ॲस्पिरिन."

मी भितीकडं सरकलो.

डॉक्टरबाई आल्या. हृदयाच्या ठोक्यांची कागदी पट्टी काढून झाली व्हती, ती बघत म्हनल्या, "ह्यांना स्टेंट आहे. रोजची गोळी चालू आहे ना?"

वहिनी म्हनली, "व्हय बाई. रोज माझ्या हातानं देते. एक दिवस चुकवली न्हाई."

"दुसरं काही? गावठी औषध, काढा, झाडपाला?"

"न्हाई बाई, काय न्हाई."

बाई कागदावर लिहाया लागल्या. मी भितीला टेकलो व्हतो. मला वाटलं, गोळी तर आता दिलीच हाय, कशाला बोलायचं? वहिनीसमोर, जीपवाल्यासमोर? खरं सांगतो, तसं वाटलं. लई वेळ न्हाई, पन वाटलं. मग दादानं खाटंवरून माझ्याकडं बघितलं. "खरं सांग" म्हनला असता तर बरं झालं असतं.

"बाई," म्हनलं, "तो गोळी घेत न्हाई. तेरा दिवस झाले. मी बंद केली."

वहिनीनं मान वळवली. बाईंचा पेन थांबला.

"तुम्ही कोण? डॉक्टर आहात?"

"न्हाई बाई. मी झाडपालावाला. त्याच्या बदली मी वाळुंजाची साल देत व्हतो. काढा करून."

"किती?"

"मूठभर."

"कोणाची मूठ?"

मी हात वर केला. तोच टायरवाला हात. बाईंनी बघितलं, हसल्या न्हाईत, रागावल्या बी न्हाईत. त्याचंच मला वाईट वाटलं. एक शिवी दिली असती तर मी सावरलो असतो.

"संडास काळी होत होती का? उलटीत रक्त? कुठून रक्त जात होतं?" बाईंनी भराभरा इचारलं. "गाठ विरघळवायचं इंजेक्शन द्यायचंय. त्यानं रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून मला सगळं खरं पाहिजे."

"न्हाई बाई. गोळीनं पोटात आग व्हायची, रक्त कधी न्हाई. काढ्यानंतर आग बी थांबली."

"नक्की?"

"नक्की." दादानं बी मान हलवली.

इंजेक्शन दिलं. मग आंबुलन्समदी घालून संभाजीनगरला नेला, तिथं नळी पुन्यांदा मोकळी केली. रक्ताची गाठ झालती ती स्टेंटमदीच. नेन्याआधी आमी आंबुलन्सची वाट बघत व्हतो, तवा बाई दाराशी आल्या. मी म्हनलं, "बाई, पन गुडघा बरा झाला व्हता. खोटं न्हाई. मग असं कावून झालं?"

"साल दुखण्यावर थोडं काम करते, ते खरं आहे," बाई म्हनल्या. "पण रक्त गोठू न देणं, हे काम ॲस्पिरिनचं. ते सालीत नाही. शेवटच्या गोळीचा परिणाम आठ-दहा दिवस रक्तात राहतो, म्हणून पहिला आठवडा तुम्हाला सगळं छान वाटलं. आणि पोटात आग होत होती तर मला नाही, निदान तुमच्या गावच्या डॉक्टरला सांगायचं. पोटासाठी सोबत दुसरी गोळी मिळते."

एवढं सोपं व्हतं. पोटाची एक गोळी.

म्हंजे पहिले आठ दिवस, मी बाजारात वरडाया लागलो तवा बी, दादाला वहिनीनं आधी दिलेल्या गोळ्यांनीच जगवलं. माझी साल नुसती गुडघ्याला गुदगुल्या करत व्हती.

संभाजीनगरला मी सात दिवस दवाखान्याच्या जिन्याखाली बसून काढले. झोप न्हाई, भूक न्हाई. लोकांना हसवायची सवय, तर एक दिवस शेजारच्या पेशंटच्या मानसाला काहीतरी बोललो आन् तो हसला. मला लई थकल्यासारखं झालं. वहिनी डबा आनायची, माझ्यापुढं ठिवायची आन् बोलायची न्हाई. तिसऱ्या दिवशी दादानं तिला भोकाचं सांगितलं, तशी ती गावाकडं जाऊन आली. आल्यावर पदराची गाठ सोडली आन् माझ्या पुढ्यात गोळ्या ठिवल्या. भितीतल्या. तेरा. काही ओल धरून फुगल्या व्हत्या, एकीला मुंग्यांनी कोरलं व्हतं.

"भावजी," ती म्हनली, "मी रोज त्येंच्या हातावर ठिवत व्हते. तुमी माझ्या हाताला खोटं पाडलं."

मी त्या परत एकेक मोजल्या. तेराच.

दादा वाचला. पन हृदयाचा एक भाग मेला, म्हनतेत. हौदापासून गोठ्यापर्यंत येताना आता मधी एकदा थांबतो. जू उचलत न्हाई.

तो घरी आल्यावर मी अंबाजोगाईला गेलो. सरांना म्हनलं, "सर, तुमचं 'पन' ऐकायचं राह्यलंय." सर्व सांगितलं. तवा सरांनी रिकाम्या वर्गात मला पहिल्या बाकावर बसवून फळ्यावर शिकवलं. शाळा सोडल्यावर पहिल्यांदाच बाकावर बसलो. बाक अजून बी अडचनीचाच हाय.

सर म्हनले, वाळुंजाच्या सालीत सॅलिसिन असतं. ते पोटातून पुढं गेल्यावर अंगात त्याचं आम्ल बनतं आन् दुखनं, ताप कमी व्हतो. जुन्या काळी लोकांनी सालीतून ते वेगळं काढलं, मग त्याचं आम्ल बनवलं. औषध म्हनून जोरदार, पन ते सरळ पोटात गेलं का पोट जाळायचं. म्हनून रसायनवाल्यांनी त्याला एक बारीक शेपूट जोडलं, थोडं नरम पडावं म्हनून. ती ॲस्पिरिन. ते शेपूट कुठल्याच सालीत न्हाई. आता तर कारखान्यात झाड लागतच न्हाई, कोळशाच्या, तेलाच्या पदार्थांपासून बनवतेत.

"आणि खूप वर्षांनी कळलं," सर म्हनले, "की रक्त गोठवणाऱ्या ज्या बारीक कणिका असतात, त्यांना ते शेपूटच जाऊन चिकटतं. त्या कणिका मरेपर्यंत सुटत नाही. तुमच्या सालीला शेपूटच नाही, मग चिकटणार काय?"

"म्हंजे सर, मी दादाला बिनशेपटाचं जनावर बांधून दिलं."

सर हसले न्हाईत. म्हनले, "सालीत सॅलिसिनसोबत आणखी पन्नास गोष्टी आहेत. तुरट द्रव्यं, कडू द्रव्यं. काही एकमेकांना मदत करतात, काही अडवतात. हे झाड आणि पलीकडचं झाड, उन्हाळ्यातली साल आणि पावसाळ्यातली, कोवळी आणि जून, सगळीकडे ताकद वेगळी. गोळीत एकच गोष्ट असते, तोलून. म्हणून ती किती घ्यायची ते सांगता येतं. सालीचं तसं नाही."

"आन् वरून माझी मूठ," म्हनलं.

"हो. वरून तुमची मूठ."

जाताना त्यांनी खिडकीबाहीरची सदाफुली दावली. तिच्यातून रक्ताच्या क्यान्सरचं औषध निघतं म्हने, पन ढीगभर पाल्यातून चिमूटभर. कोनी क्यान्सरला पाला चावत बसला तर औषध लागू पडन्याआधी त्यातलं इखच बाधंल. मी म्हनलं, "सर, हे तुमी मला पुरं सांगितलं ना? पुढं काय 'पन' न्हाई ना?" तवा सर हसले.

आता मी रोज सकाळी दादाकडं जातो. वहिनी गोळी देती, पोटाची बी देती. दादा पानी पेतो, मग माझ्याकडं तोंड करून जीभ वर उचलून दावतो.

"दिसली का बे, वैद्य?"

"दिसली न्हाई. म्हंजे गिळली."

चुलीपाशी बसून वहिनी म्हनती, "भावजी, गालात बी बघा." ती माझ्याशी बोलत्या, हे लई झालं. तिनं गोठ्यातलं भोक शेनामातीनं बुजवलंय. दादाचा गुडघा पुन्यांदा धरलाय. सालीचं मी नाव काढत न्हाई, कारन रक्त पातळ करायच्या गोळीसंगं ती देऊ नका असं बाईंनी साफ सांगितलंय.

बाजारात अजून बसतो. दुसरं येतंय काय मला? पन कोनी साल मागितली का आधी इचारतो, रोजची गोळी कुठली हाय? कागद हाय का? हृदयाची, रक्ताची गोळी असंल तर देत न्हाई. लोक कंटाळतेत. एक म्हातारी म्हनली, "तूच वरडत व्हतास ना, गोळीची आई म्हनून?"

"व्हय मावशी, मीच. ती आई न्हाई, लांबची मावशी निघाली. गोळी सोडू नका."

"मग तवा कावून वरडला?"

"चहाला गेलतो, मावशी."

तिला काय कळलं न्हाई. कळायचं कारन बी न्हाई. ज्यांना ज्यांना साल दिली, त्यातले चेहरे आठवतील तेवढे गाठले. नेकनूरचे घावले, घरी जाऊन सांगून आलो. एकानं चहा पाजला, एकानं दारातूनच हाकललं. ते बी बरोबरच हाय.

तो पांढऱ्या रुमालाचा मानूस अजून घावला न्हाई. गाव इचारलं नव्हतं. दोन पेंड्या घेऊन गेला, एवढंच. वडवनीच्या बाजाराला आता मी पोतं एस्टी स्टँडच्या तोंडाशी हातरतो. तिथं गिऱ्हाईक कमी, ऊन जास्त. पन गाड्यातून उतरनारी मानसं तिथूनच जातेत. पांढरे रुमाल लई असतेत. एकेकाला उठून बघतो, गुडघा कुरकुरतो, परत बसतो. काहीजन म्हनतेत, "काय मामा, कोन पायजे?"

मी म्हनतो, "एक गिऱ्हाईक हाय. माल परत घ्यायचाय."